आधी तीच चूक पुन्हा टाइप करा

‘ध’ चा ‘मा’ आपण शाळेपासून ऐकत आलो. आमच्याकडे फेब्रुवारीत ‘घ’ चा ‘ध’ झाला होता. मराठी भाषा गौरव दिनी, २७ तारखेला, वस्तीतल्या एका छोट्या ग्रंथालयाचं उद्घाटन होतं आणि पोस्टरवर ठसठशीत अक्षरांत दोन ओळी होत्या: वर ‘ग्रंथालय’, खाली ‘उद्धाटन सोहळा’. पोस्टर व्हॉट्सअॅपवर फिरलं आणि तासाभरात कुणीतरी त्या ‘ध’ला लाल गोल काढून ते परत पाठवलं. भाषेच्याच दिवशी भाषेची चूक, म्हणजे गावभर चर्चा.

ग्रंथालयाचे कार्यवाह काका २६ तारखेला संध्याकाळी माझ्याकडे आले. मी नागपुरात डीटीपीची कामं करतो. पोस्टर करणारा पोरगा रेल्वेत होता, त्याचा फोन लागत नव्हता. हातात होती फक्त जेपीजी. काका म्हणाले, “अरे भाऊ, एकच अक्षर तं बदलवाचं आहे. पाच मिनिटाचं काम.”

मीही तसंच समजलो. जुना शब्द पार्श्वभूमीच्या रंगाने झाकला, मुक्ता हा फॉन्ट साधारण तसाच वाटला म्हणून त्याच्या बोल्डमध्ये ‘उद्घाटन’ टाइप केलं आणि काकांना दाखवलं. त्यांना फॉन्ट म्हणजे काय हे माहीत असायचं कारण नाही, पण हात लांब करून कागद धरला आणि म्हणाले, “हे चिपकवल्यासारखं दिसते.” खरंच दिसत होतं. असं का दिसतं आणि ते कसं टाळायचं, ते त्याच पोस्टरच्या आधाराने सांगतो.

जेपीजीत नेमकं काय हरवतं

पोस्टर बनवताना अक्षरं ही अक्षरं असतात. संगणकाला ठाऊक असतं की इथे ‘उ’ आहे, अमुक फॉन्टचा आहे, अमुक आकाराचा आहे. फ्लेक्सवाले याला ‘ओपन फाइल’ म्हणतात. पोस्टर जेपीजी म्हणून बाहेर काढलं की ही सगळी माहिती जाते आणि उरतात फक्त रंगीत ठिपके, म्हणजे पिक्सेल. संत्राबर्फीतून संत्र्याच्या फोडी परत काढता येत नाहीत, तसंच हे. फॉन्टचं नाव त्या चित्रात कुठेही लपलेलं नसतं, ते अक्षरांच्या आकारावरूनच ओळखावं लागतं.

म्हणून चित्राला हात लावण्याआधी एकदा पीडीएफ मागून बघावी. पीडीएफमध्ये अक्षरं अक्षरांच्याच रूपात राहिली असतील, तर फॉन्टचं नाव थेट मिळतं. अॅक्रोबॅट रीडरमध्ये फाइलच्या Properties मध्ये Fonts नावाचं पान असतं. लिनक्सवर काम करणाऱ्यांना ही एक ओळ पुरते:

```
pdffonts poster.pdf
```

यादी रिकामी आली, तर अक्षरांचे आधीच ‘कर्व्ह’ केलेले आहेत, म्हणजे त्यांची नुसती रेखाचित्रं उरली आहेत, असं समजावं. छपाईला देताना बहुतेक लोक तसं करतातच. आमच्याकडे तर पीडीएफही नव्हती.

डोळ्याला खटकते ती शिरोरेषा

रोमन अक्षरं सुटी सुटी बसतात. आपली अक्षरं एकाच दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी असतात, आणि ती दोरी म्हणजे शिरोरेषा. कपडे थोडे इकडेतिकडे झाले तर कुणी बघत नाही, पण दोरी मधेच जाड झाली किंवा दोन बोटं वर सरकली की रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतं. माझ्या पहिल्या प्रयत्नात हेच झालं होतं. ‘उद्घाटन’ची शिरोरेषा शेजारच्या ‘सोहळा’पेक्षा किंचित वेगळ्या जाडीची होती आणि अक्षरांचे पोटही वेगळे होते. काकांना अक्षर वेगळं आहे हे कळलं नाही, दोरी वेगळी आहे हे कळलं.

याच शिरोरेषेमुळे आणखी एक वाट बंद होते. इंग्रजी शब्द ओळीत बसत नसला की अक्षरांमधलं अंतर कमीजास्त करतात. देवनागरीत अंतर वाढवलं की शिरोरेषेला फटी पडतात आणि कमी केलं की अक्षरं एकमेकांत घुसतात. तेव्हा फॉन्ट, आकार आणि जाडी हे सगळं मुळातच बरोबर हवं, मग ओढूनताणून बसवायची वेळ येत नाही.

फॉन्ट आहे की कुणाच्या हातचं अक्षर?

हे आधी ठरवावं, कारण हाताने काढलेल्या अक्षराचा फॉन्ट शोधत बसलात तर रात्र जाईल. कसोटी सोपी आहे. पोस्टरवर एकच अक्षर दोनदा आलेलं शोधा, एकाचं चित्र कापून दुसऱ्यावर ठेवा. फॉन्ट असेल तर दोन्ही तंतोतंत बसतील. सुलेखनात दोन ‘न’ कधीच सारखे नसतात. काही हस्ताक्षरी फॉन्टांत एकाच अक्षराची दोन-तीन रूपं दिलेली असतात, त्यामुळे तसला संशय आला तर तिसरं उदाहरण तपासावं. आमच्या पोस्टरवर शीर्षकात ‘थ’ आणि ‘ळ’ यांच्यामागे काना आला होता. दोन्ही काने जाडीला आणि उंचीला सारखे निघाले. म्हणजे फॉन्टच.

संशयितांची यादी

देवनागरी फॉन्ट शेकडो आहेत, पण एखाद्या होतकरू पोराने फोनवर किंवा ऑनलाइन साच्यात केलेल्या पोस्टरमध्ये सापडणारे मोजकेच. मुक्ता, बालू, पॉपिन्स, हिंद, नोटो सान्स देवनागरी, खंड, टेको, हाताने लिहिल्यासारखं हवं असेल तर कलम, जरा सणासुदीचं हवं असेल तर यात्रा वन. हे सगळे फुकट मिळतात आणि व्यावसायिक कामालाही वापरता येतात, म्हणून सगळीकडे दिसतात.

एक फसवणूक मात्र लक्षात ठेवा. पोरगा सांगेल की मी मॉन्टसेराट वापरला. मॉन्टसेराटमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. अशा वेळी यंत्र न विचारता दुसऱ्या फॉन्टमधून अक्षरं उसनी घेतं आणि यादीत नाव मात्र मॉन्टसेराटच दाखवतं. ही उसनवारी अँड्रॉइडवर बहुधा नोटोकडून होते, विंडोजवर निर्मला यूआयकडून, आयफोनवर कोहिनूर देवनागरीकडून. त्यामुळे अक्षरं अगदी साधी, चेहरा नसल्यासारखी दिसत असतील, तर पोस्टर कोणत्या यंत्रावर केलं एवढं विचारलं तरी निम्मा शोध संपतो.

आमच्या शीर्षकात दोन गोष्टी दिसत होत्या. रेघांची जाडी जवळपास सगळीकडे सारखी होती, बोरूच्या अक्षरासारखी कुठे जाड कुठे बारीक अशी नव्हती. आणि अक्षरांचे पोट कंपासने काढल्यासारखे होते, फक्त जरा उभट. वर्तुळावर बेतलेला आणि एकसारख्या रेघेचा देवनागरी फॉन्ट म्हटलं की पहिलं नाव पॉपिन्सचं येतं.

पक्की खूण तळाशी सापडली. तिथे ग्रंथालयाचा ईमेल पत्ता रोमन अक्षरांत होता. पॉपिन्समध्ये देवनागरी अक्षराची उंची आणि रोमन b, d, h यांच्या उंच दांड्याची उंची एकच ठेवलेली आहे, आणि रोमन कॅपिटल अक्षरं त्याहून थोडी बुटकी आहेत. ईमेलच्या ओळीतच आधी ‘संपर्क’ हा शब्द होता. त्याच्या ‘क’ची उंची आणि शेजारच्या d ची उंची मी पट्टी लावून पाहिली, सारखी भरली. शिवाय ईमेलचा तुकडा कापून फॉन्ट ओळखणाऱ्या संकेतस्थळावर दिला, तिथेही पॉपिन्स आलं. अशी संकेतस्थळं, आणि फोटोशॉपमधली Match Font ही सोयसुद्धा, रोमन अक्षरांवर चालतात, देवनागरीपुढे हात टेकतात. म्हणून पोस्टरवरचा फोन नंबर, ईमेल, इंग्रजी नाव यांना कमी लेखू नका. अर्थात मराठी एका फॉन्टमध्ये आणि इंग्रजी दुसऱ्यात असंही असू शकतं. ही साक्ष आहे, निकाल नाही.

निकाल लावायचा कसा? तीच चूक टाइप करून

इथे बहुतेक जण माझ्यासारखीच चूक करतात. फॉन्ट ‘वाटतोय तसा’ म्हटलं की लगेच दुरुस्त शब्द टाइप करतात. पण दुरुस्त शब्द पोस्टरवर कुठेच नसतो, त्यामुळे तो बरोबर जुळला की नाही हे ताडून बघायला काहीच नसतं. शिंपी जसा जुना बसणारा शर्ट समोर ठेवून माप घेतो, तसा इथे जुना शब्दच माप आहे. म्हणून आधी ‘उद्धाटन’ असंच, चुकीचं, टाइप करायचं आणि ते पोस्टरवरच्या ‘उद्धाटन’वर चढवायचं. ते तंतोतंत बसलं की मगच ‘ध’च्या जागी ‘घ’.

चढवून बघण्याची युक्ती अशी. जिंप, फोटोशॉप किंवा ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी, यांपैकी कशातही पोस्टर उघडा, वर टाइप केलेल्या शब्दाची लेयर ठेवा, तिला पोस्टरवरच्या अक्षरांचाच रंग द्या आणि लेयरचा मोड Difference करा. हा मोड वरच्या आणि खालच्या रंगातली वजाबाकी दाखवतो. दोन्ही सारखे असतील तिथे उत्तर शून्य, म्हणजे काळं. शब्द जुळला की अक्षरांचा आतला भाग काळा होतो, कडेला फक्त धुरकट रेघ उरते. ती जेपीजीमुळे येते, तिची काळजी नको.

पहिल्यांदा चढवल्यावर आमचं काहीच जुळलं नाही. मी पॉपिन्स बोल्ड घेतला होता, उंची जुळवली, तर माझा शब्द पोस्टरवरच्या शब्दापेक्षा बराच लांब. पोस्टरवर ‘उद्धाटन’ ६१२ पिक्सेल भरत होतं, माझं ७२०. घटकाभर वाटलं की फॉन्टच चुकला. पण मग ते ‘उभट पोट’ आठवलं.

अनुस्वार खोटं बोलत नाही

‘उद्धाटन सोहळा’ मूळ आकारात ओळीत मावत नसणार. पोराने काय केलं असेल? कडा धरून आत ढकललं असेल. हे सगळेच करतात. अक्षरांची उंची तशीच राहते आणि रुंदी दबते. असं झालंय की नाही हे सांगणारा एक भरवशाचा साक्षीदार देवनागरीत असतो, तो म्हणजे अनुस्वार. वर्तुळावर बेतलेल्या फॉन्टमध्ये तो गोल असतो. दाबला की अंडाकृती होतो. ‘ग्रंथालय’वरचा अनुस्वार चारशे टक्के मोठा करून मोजला: रुंदी ३४ पिक्सेल, उंची ४०. चौतीस भागिले चाळीस, म्हणजे ०.८५. शीर्षक ८५ टक्क्यांवर दाबलेलं होतं.

ठिपका लहान असल्याने मोजण्यात एक पिक्सेल चुकला तरी उत्तर बरंच हलतं. चौतीसऐवजी तेहतीस मोजलं असतं तर साडेब्याऐंशी टक्के आले असते. म्हणून ठिपक्यावरून अंदाज घ्यायचा आणि अख्ख्या शब्दाच्या लांबीवरून पक्कं करायचं. ६१२ भागिले ७२०, तेही ०.८५. एवढ्या लांबीत एका पिक्सेलची चूक झाली तरी नगण्य. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला, तेव्हा मला फॉन्टचीही खात्री पटली. फॉन्ट दुसरा असता तर हे दोन आकडे असे जुळले नसते.

मोजण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी उंची, मग जाडी, शेवटी रुंदी. आडवं दाबल्याने अक्षराची उंची बदलत नाही, म्हणून फॉन्टचा आकार उंचीवरून ठरवायचा. शिरोरेषा आडवी असते, त्यामुळे तिची जाडीही दाबल्याने बदलत नाही. फॉन्ट सेमीबोल्ड की बोल्ड हे शिरोरेषेवरून ठरवायचं. काना उभा असतो, तो मात्र दाबला की बारीक होतो. पुष्कळ लोक कान्याची जाडी बघून सेमीबोल्ड ठरवतात आणि मग शिरोरेषा का जुळत नाही म्हणून डोकं धरतात. पॉपिन्सच्या नऊ जाड्या आहेत, तेव्हा घोटाळ्याला वाव भरपूर. आमच्या पोस्टरवर काना शिरोरेषेच्या मानाने बारीक होता, दाबल्याची हीसुद्धा एक खूण. शिरोरेषा बोल्डशी जुळली, रुंदी ८५ टक्के केली, आणि ‘उद्धाटन’ काळं पडलं.

फोटोशॉपच्या Character पॅनेलमध्ये Horizontal Scale या खणात ८५ टाकलं की झालं. जिंपमध्ये टेक्स्टची लेयर स्केल टूलने दाबावी लागते आणि तसं केलं की ती टाइप करता येण्यासारखी राहत नाही, म्हणून तिथे शब्द आधी दुरुस्त करून दाबण्याचं काम अगदी शेवटी करावं.

काळं पडलं नाही तर?

न जुळलेला भाग कसा दिसतो त्यावरून दुखणं कळतं. सगळ्या अक्षरांभोवती सारख्या जाडीची चमकती कड राहिली, तर जाडी चुकली आहे, नाहीतर मूळ अक्षरांना वेगळी किनार दिलेली आहे. पहिलं अक्षर जुळतं आणि पुढे पुढे सरकत जातं, तर रुंदीचा टक्का चुकला. सगळा शब्द जुळतो आणि एखादंच अक्षर वेगळं निघतं, तेव्हा प्रकरण जरा मजेशीर असतं.

मराठीत आपण ‘ल’ पाकळीयुक्त आणि ‘श’ देठयुक्त काढतो. हिंदीत ‘ल’ला दंड असतो आणि ‘श’ गाठीचा असतो. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयातही मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हीच रूपं दिली आहेत. संगणकात मात्र दोन्ही ‘ल’ना एकच सांकेतिक क्रमांक आहे. कोणतं रूप दिसेल हे फॉन्ट ठरवतो, आणि काही फॉन्ट मजकुराची भाषा बघून रूप बदलतात. भाषा मराठी ठेवली तर पाकळीचा ‘ल’, हिंदी ठेवली तर दंडाचा. नागपुरात अर्धी दुकानं दोन्ही भाषांत काम करतात आणि भाषेचा तो खण कुणी बदलत नाही, त्यामुळे मराठी पोस्टरवर हिंदी ‘ल’ सर्रास दिसतो. तुमचा बाकी शब्द जुळला आणि फक्त ‘ल’ किंवा ‘श’ अडला, तर फॉन्ट टाकून देऊ नका, आधी भाषा बदलून बघा. जिंपच्या टेक्स्ट टूलमध्ये Language असा खण असतो, फोटोशॉपच्या Character पॅनेलमध्येही असतो. हिंदी ‘ल’ मला स्वतःला मराठी पोस्टरवर आवडत नाही, पण एकच शब्द बदलायचा असेल तर शेजाऱ्यांसारखाच ठेवावा. एका पोस्टरवर दोन प्रकारचे ‘ल’ त्याहून वाईट.

आणखी एक. जुन्या फोटोशॉपमध्ये ‘उद्घाटन’ टाइप केलं की ‘द’, पायमोडका हलन्त आणि ‘घ’ असे सुटे पडतात, ‘शिबिर’मधली वेलांटी उलट्या बाजूला जाते. हा फॉन्टचा दोष नाही. Preferences मध्ये Type या पानावर World-Ready Layout निवडलं की जोडाक्षरं जुळतात. ते करण्याआधी फॉन्टला शिव्या घालू नयेत. मी घातल्या आहेत.

पण एवढा खटाटोप कशाला? अक्षर उचलून चिकटवा की

काका हेच म्हणाले होते. “खालच्या ओळीत ‘घ’ आहेच ना, तो उचला.” ही युक्ती पुष्कळदा चालते आणि चालते तिथे सगळ्यात उत्तम, कारण ते अक्षर त्याच फॉन्टचं, त्याच धुरकटपणाचं असतं. ऱ्हस्व-दीर्घाची चूक असेल आणि त्याच ओळीत त्याच आकाराचं बरोबर अक्षर असेल, तर फॉन्ट शोधूच नका.

इथे ती चालली नसती. ‘द्ध’ आणि ‘द्घ’ या जोडाक्षरांत दुसरं अक्षर ‘द’च्या पोटाखाली लहान होऊन बसतं. ते नुसतं लहान केलेलं ‘घ’ नसतं. नुसतं लहान केलं असतं तर रेघाही बारीक झाल्या असत्या. फॉन्ट करणारा ते जोडाक्षर वेगळं काढतो, आकार लहान पण रेघ जाड ठेवून. पूर्ण ‘घ’ आणून दाबला की तो उपाशी दिसतो.

मग नुसतं ‘द्घ’ टाइप करून मधे बसवावं का? तसंही करू नये. शिरोरेषेला दोन्ही बाजूंनी सांधे येतात आणि जेपीजीच्या धुरकट कडांमुळे ते सांधे बारीक गाठींसारखे दिसतात. अख्खा शब्द बदलला की सांधा उरतच नाही, दोन्ही टोकांना मोकळी जागा असते.

जुन्या छापखान्याचं पोस्टर असेल तर

महाल किंवा इतवारीतल्या जुन्या डीटीपीवाल्याकडून आलेलं पोस्टर असेल, तर श्रीलिपी किंवा कृतिदेव घराण्याचा फॉन्ट असण्याची शक्यता मोठी. हे युनिकोडच्या आधीचे फॉन्ट. यांत संगणकाच्या लेखी मजकूर रोमनच असतो, फक्त चेहरा देवनागरी. कृतिदेवमध्ये jke टाइप केलं की पडद्यावर ‘राम’ दिसतं. ओळखायची खूण म्हणजे वेलांटी आणि रफार. अक्षर रुंद असो की अरुंद, वेलांटी एकाच मापाची असते, त्यामुळे रुंद अक्षरावर ती आखूड पडते.

अशा ठिकाणी आपण फोनवरून ‘उद्घाटन’ कॉपी करून आणलं आणि फॉन्ट कृतिदेव निवडला, तर अक्षरं कृतिदेवची येतच नाहीत. वर सांगितलेली उसनवारी इथेही होते. नाव कृतिदेवचं, चेहरा दुसऱ्याचाच. त्या फॉन्टच्या कीबोर्डनेच टाइप करावं लागतं किंवा रूपांतर करणाऱ्या साधनातून मजकूर काढावा लागतो.

आणि फॉन्ट सापडलाच नाही तर? अक्षरं तीसेक पिक्सेलपेक्षा बुटकी असतील तर तो सापडेल अशी आशाही धरू नका. तेवढ्या आकारात एका जाडीचा आणि पुढच्या जाडीचा फरक एका पिक्सेलपेक्षा कमी असतो आणि जेपीजीच्या धुरकटपणात तो विरून जातो. एक बरं असतं, तेवढ्या लहान अक्षरांत तो फरक वाचणाऱ्यालाही दिसत नाही. शीर्षकाचा फॉन्ट मिळाला नाही, तर एक शब्द चिकटवण्यापेक्षा शीर्षकाची अख्खी ओळ नव्या फॉन्टमध्ये लिहिणं चांगलं. दोन वेगळे फॉन्ट दोन वेगळ्या ओळींत चालतात, एका ओळीत चालत नाहीत.

बसवताना

मग मी ‘ध’ काढून ‘घ’ टाकला. शब्दाची रुंदी थोडी बदलली, म्हणून त्याचा डावा काठ होता तिथेच ठेवून ‘सोहळा’पर्यंतचं अंतर तपासलं, ते नजरेत भरण्याइतकं बदललं नव्हतं. लेयरचा मोड परत Normal केला. पार्श्वभूमी एकरंगी होती, त्यामुळे खालचा जुना शब्द झाकणं सोपं गेलं. तिथे फिक्याकडून गडद होत जाणारा रंग असता तर शेजारचाच पट्टा उचलून आणावा लागला असता. अक्षराचा रंग उचलताना रेघेच्या मधोमधून उचलला. कडेला रंग पार्श्वभूमीत मिसळलेला असतो, तिथून उचलला की शब्द फिका पडतो.

एवढं झाल्यावरही नवा शब्द खटकत होता, पण आता उलट कारणाने: तो शेजाऱ्यांपेक्षा जास्त रेखीव होता. मूळ अक्षरं व्हॉट्सअॅपमधून दोनदा तरी गेलेली. नव्या शब्दाला अर्ध्या पिक्सेलचा ब्लर दिला आणि तो त्यांच्यात मिसळला. काकांना फाइल पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवली, नाहीतर व्हॉट्सअॅपने ती पुन्हा दाबली असती.

या सगळ्याला दीड तास लागला. लेयर न मिटवता फाइल ठेवून दिली आणि लेयरच्या नावातच लिहून ठेवलं: Poppins Bold, 85%. खालच्या ओळी न दाबलेल्या, त्याच फॉन्टच्या मीडियम जाडीच्या होत्या, तेही लिहिलं. सकाळी सात वाजता काकांचा फोन. पाहुण्यांची गाडी उशिरा येणार होती, कार्यक्रम पाचऐवजी साडेपाचला करायचा होता. “बदलवून देशीन का?”

ते खरोखर पाच मिनिटांत झालं.